डोळ्यांतलं पाणी

रमिलाबेनने मुलीचा नवा फोटो स्टुडिओतल्या टेबलावर आपटला तेव्हाच जसुमतीला कळलं, आता सकाळ गेली.

"जसुबेन, तेज कुठंय? डोळ्यांत तेज पाहिजे! मागच्या खेपेला कसे दिव्यासारखे चमकत होते!"

"आणि मागच्या खेपेला मुलाकडचे काय म्हणून गेले?"

रमिलाबेनची मुलगी हेता मागच्या बाकावर ओढणीशी चाळा करत बसली होती. तिनंच उत्तर दिलं. "म्हणाले, फोटोतली मुलगी वेगळी. त्याआधीचेही हेच म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकलं ना मासी, तर मी कुणासमोर चहाचा ट्रे घेऊन जायची नाही."

ते दोन्ही फोटो म्हणजे स्टुडिओचे मालक धीरूभाई यांची करामत होती. एक कळ दाबायची, की जामनगरच्या सगळ्या उपवर मुलींचे डोळे सारखेच पेटायचे. पांढऱ्याचं निळसर चिनीमातीचं भांडं व्हायचं, बाहुली राखाडी व्हायची. जसुमतीनं तीस वर्षांपूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून फोटो सुधारण्याचा हात बसवला होता. तिला ते डोळे बघवत नसत. सांगून सांगून तिची जीभ झिजली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"इथे ये," ती हेताला म्हणाली. "दिवसाला किती गाठी बांधतेस?"

"बांधणीच्या? हजारेक."

हजार गाठी डोळे ताणून बांधणाऱ्या पोरीचे डोळे लाल राहणार नाहीत तर काय! जसुमतीनं मूळ फोटो पडद्यावर मोठा केला. पांढऱ्या भागातला लाल-पिवळा रंग तिनं निम्म्यानं उतरवला. मोठ्या शिरा फिक्या केल्या आणि बारीक दोन-तीन ठेवल्या. मग उजेड जरासाच वाढवला.

"अजून! अजून पांढरं!" रमिलाबेन मागून रेटत होती.

"डोळा गोल असतो, बेन. कोपऱ्यात काळोख असतो, वरच्या पापणीची सावली पडते. ती पुसली की राहते कागदाची टिकली. दातांपेक्षा डोळे पांढरे दिसले, की समजायचं माणूस गेला."

"शुभ बोल गं बाई!"

मग बुबुळ. खिडकीचा उजेड वर उजवीकडून होता, तिथं त्याचा ठिपका चमकत होता. म्हणून जसुमतीनं त्याच्या समोरची, खाली डावीकडची कड तेवढी उजळली. हेताचा स्वतःचा तपकिरी रंग किंचित गडद केला. बाहुली काळीच ठेवली, कडेच्या गडद रेषेला हातही लावला नाही. शेवटी सगळं काम निम्म्यानं फिकं केलं आणि फोटो पोस्टकार्डाएवढा करून लांबून पाहिला, मग छापला.

"हे बघ. तेज नाही, पाणी आणलं."

"डोळ्यांत पाणी? लग्नाच्या फोटोत?" रमिलाबेन किंचाळली.

"अगं, मोत्याला असतं ते पाणी!" जसुमतीनं कपाळावर हात मारला. "टिपं नव्हे!"

आतून धीरूभाई ओरडले, "जसुबेन, गिऱ्हाईक म्हणतंय तर थोडं दाबा ना ते बटण!"

"तुम्हीच दाबा, आणि उद्यापासून या खुर्चीवरही तुम्हीच बसा!"

हेतानं फोटो निरखला, भिंतीवरच्या आरशात स्वतःला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "मासी, ही मीच आहे," ती म्हणाली, आणि आई काही बोलायच्या आत फोटो पर्समध्ये टाकला. रमिलाबेन "बघशील, बघशील" करत पायऱ्या उतरली. रविवारी मुलाकडचे यायचे होते.

सोमवारी जसुमतीचं कामात लक्ष नव्हतं. पोरीनं तिसऱ्यांदा तेच ऐकलं असेल तर त्याचं खापर आपल्याच डोक्यावर, हे तिला पुरतं ठाऊक होतं. दुपारी रमिलाबेन लालबुंद होऊन आली. मागून हेता.

"विचार हिला काय केलं ते! मुलाची आई म्हणाली, अगदी फोटोसारखीच आहे हो. ठरल्यात जमा होतं! आणि ही काय म्हणाली? म्हणाली, पण फोटोतला मुलगा वेगळा!"

हेतानं एक फोटो पुढे केला. मुलाचं नाव धवल, आणि दुसऱ्या कुठल्या स्टुडिओवाल्यानं डोळेही नावाप्रमाणे धुऊन काढले होते, अगदी निळसर पांढरे.

"खोटं काय बोलले मी?" हेता म्हणाली. "पितळेच्या कारखान्यात पॉलिश करतो. त्याचे डोळे माझ्याहून लाल आहेत. मला तेच बरे वाटले."

"ऐकलंस? लाल डोळे बरे वाटले!"

"मग तो काय म्हणाला?" जसुमतीनं विचारलं.

"हसला," हेता म्हणाली. "खाली उभा आहे. नवा फोटो काढायला त्याला आणलंय."

जसुमतीनं खिडकीतून वाकून पाहिलं. स्कूटरजवळ एक पोरगा डोळे चोळत उभा होता.

"अरे ए, चोळू नकोस!" ती ओरडली. "वर ये. आहेत तेवढे लाल पुरे आहेत."