सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा

दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दुधाची पिशवी पडली. थप्प. तेवढ्यानेही ऋतिका दचकली, कारण सबंध घर अजून झोपलेलं होतं आणि ओट्याशी स्टुलावर बसून ती मोबाइलवर फॉर्म भरत होती. पहाटेचे सव्वापाच. सासऱ्यांच्या, भाऊंच्या खाटेकडून घोरण्याचा बारीक आवाज, तोही मधेच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

फॉर्म एका शिक्षक फेलोशिपचा होता. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वर्षभराची, नोकरी सांभाळून करायची. महिन्यातले दोन शनिवार, मेच्या सुट्टीतले तीन आठवडे, आणि एक मार्गदर्शक, जो वर्षातून चारदा येऊन तुमच्या वर्गात बसणार. ऋतिकाला हवा होता तो हाच माणूस. कांदिवलीच्या त्या मराठी शाळेत नऊ वर्षं ती शिकवत होती. पाचवी ते सातवीचं विज्ञान. चहापत्तीच्या खोक्यांतून, बाटल्यांच्या झाकणांतून, नवरा, सुयोग, गोरेगावच्या स्टुडिओतून उचलून आणायचा त्या रंगीत कागदाच्या तुकड्यांतून तिने काय काय उभं केलं होतं, ते मुलांशिवाय कुणी बघितलं नव्हतं. कुणीतरी बघावं, बस. बघून वाईट म्हणालं तरी चालेल, इतकी ती थकली होती.

तिचं लिहिणं संपत आलं होतं. उरलं होतं मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र. ते शाळेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, मुख्याध्यापकांनी स्वतः त्यांना आलेल्या लिंकवर चढवायचं. मराठीत चालेल, दोन पानांच्या आत, आणि अर्जदाराने ते वाचू नये. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आज बुधवार.

"आई, शू," आतून प्रांजल म्हणाली, आणि फॉर्म मिटला.

शाळेत पहिल्या तासानंतर नंदकुमारांनी तिला ऑफिसातून हाक मारली. नंदकुमार शाळेचे क्लार्क. शाळेचा ईमेल, स्कॅनर, शिक्का आणि आवक-जावक रजिस्टर सगळं त्यांच्याच ताब्यात.

"परब टीचर, तुमचं काम झालं बघा. बाईंनी काल बसून पत्र लिहिलं. जावक नंबर टाकला, स्थळप्रत फाइलला लावली. दुपारी स्कॅन करून चढवतो," ते म्हणाले आणि फाइल तिच्यापुढे सरकवली. "वाचा की. छान लिहिलंय. माझ्या मेहुणीच्या बदलीला असंच दिलं होतं बाईंनी, महिन्यात ऑर्डर आली."

वाचायचं नाही हे तिला ठाऊक होतं. पण फाइल उघडीच होती. डोळे गेले, ते शेवटच्या ओळीपर्यंत थांबले नाहीत.

'श्रीमती ऋतिका सुयोग परब या आमच्या शाळेत नऊ वर्षे सेवेत आहेत. त्यांना सहा वर्षांची मुलगी असून सासरे अंथरुणास खिळून आहेत. पतीची नोकरी खाजगी व अनियमित वेळेची आहे. असे असूनही त्यांनी कधी विनाकारण रजा घेतलेली नाही. वर्तणूक चांगली आहे. तरी त्यांच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

खाली सही. वि. श्री. राणे, मुख्याध्यापिका.

एकही शब्द खोटा नव्हता. शिकवण्याबद्दलचाही एक शब्द नव्हता.

"चांगलंय ना?" नंदकुमार म्हणाले.

"नंदूभाऊ, एवढ्यात चढवू नका हं. मी बाईंशी बोलते."

"आता काय बोलायचं राहिलंय? वाट लावाल तुम्ही स्वतःची."

राणेबाई केबिनमध्ये पोर्टलपुढे बसल्या होत्या. तीनशे अकरा मुलांपैकी सत्तावीस जणांची आधारवरची नावं आणि शाळेतली नावं जुळत नव्हती, आणि ती जुळल्याशिवाय ती मुलं पटावर धरली जाणार नव्हती. मेमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. खुर्चीच्या पाठीला त्यांनी गरम पाण्याची पिशवी लावली होती.

"बस गं. काय झालं?"

ऋतिका उभीच राहिली. "बाई, मी पत्र वाचलं. वाचायचं नव्हतं, पण वाचलं."

बाईंनी चष्मा काढला. "मग? काही वाईट लिहिलंय का मी?"

"वाईट नाही बाई. पण मी वर्गात काय करते ते त्यात नाहीये. त्यांना तेच हवंय. घरचं वाचून ते म्हणतील, हिला वेळ कुठे मिळणार."

"घरचं लिहिलं की माणसाला पाझर फुटतो. बत्तीस वर्षं लिहितेय अशी पत्रं. शिर्केंना लोन मिळालं, कुंदाच्या आईला हॉस्पिटलात सवलत मिळाली, ते माझ्याच पत्रावर."

"हो बाई. पण मला सवलत नकोय."

हे जरा जोरात बोललं गेलं. बाहेर शिपाई पाण्याची बाटली भरता भरता थांबला.  बाईंनी टेबलावरची एक वही पुढे ओढली. पाठ निरीक्षण नोंदवही. मुख्याध्यापकांनी वर्गात बसायचं, शिक्षकाचा पाठ पाहायचा आणि शेरा लिहायचा, म्हणून ती वही. परबचं पान त्यांनी काढलं.

"'पाठ चांगला झाला. फळालेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक.' हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि सही?"

"तुमची."

"चार वर्षं असंच चाललंय. सगळ्यांचंच. वर्षाच्या शेवटी तुम्ही लिहून आणता, मी सही करते, कारण मला या डबड्यापुढून उठता येत नाही." बाईंनी कॉम्प्युटरकडे हनुवटी केली. "तू वर्गात काय करतेस ते मी कुठून लिहू गं? मी बघितलंय का?"

ऋतिकाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्यालाही जोर लागतो.

"उद्या विज्ञान कधी आहे?" बाईंनी विचारलं.

"सहावीला. तिसरा तास."

"येते. आणि माझ्यासाठी काही खास सजवू नकोस. नाहीतर मी परत 'समाधानकारक' लिहीन."

सजवायला वेळ होताच कुणाला. बुधवारी रात्रभर भाऊंना खोकला होता, गुरुवारी सकाळी प्रांजलचा बूट सापडेना. ऋतिका शाळेत पोचली ती केस ओलेच बांधून. तिसऱ्या तासाला राणेबाई खरोखरच आल्या आणि मागच्या बाकावर जयंतीशेजारी बसल्या. बाक सहावीचा, गुडघे मावेनात. त्या तिरक्या बसल्या.

प्रकाशाचा धडा चालला होता. मुलांनी घरून चहापत्तीची रिकामी खोकी आणली होती. एका बाजूला टाचणीने भोक, दुसऱ्या बाजूला बटर पेपर. खोकं खिडकीकडे धरायचं, ओढणी नाहीतर स्वेटर डोक्यावरून घ्यायचा आणि कागदाकडे बघायचं.

"टीचर, उलटं दिसतंय," सिद्धेश ओढणीच्या आतून म्हणाला. "समोरच्या बिल्डिंगमधली साडी वरून खाली नाही, खालून वर वाळतेय."

"टीचर, सिद्ध्या खोटं बोलतोय."

"तूच बघ ना मग, शहाणे."

ऋतिकाने सांगितलं नाही, उलटं का ते. खोकं हळूहळू डावीकडे न्या म्हणाली, साडी कुठे जाते ते बघा म्हणाली. वर्गात कोलाहल माजला. फळ्यावर अर्धी आकृती तशीच राहिली. आणि मागून जयंती म्हणाली, "टीचर, मला काहीच दिसत नाही. नुसतं पांढरं."

जयंतीने टाचणी नव्हती म्हणून कंपासच्या टोकाने भोक पाडलं होतं, आणि तेही फिरवून फिरवून. ऋतिकाला ते दुरूनच दिसलं. एका वाक्यात सांगून सुटता आलं असतं. बाई शेजारीच बसलेल्या, तास संपायला चार मिनिटं, आणि एका मुलीला काही दिसत नाही.

"सिद्धेशचं खोकं घे. तुझं त्याच्या शेजारी ठेव. काय वेगळं आहे ते शोध," ती म्हणाली.

"टीचर, सांगा ना."

"नाही सांगत."

घंटा झाली. जयंती दोन्ही खोकी पुढ्यात घेऊन रुसल्यासारखी बसलेली, आकृती अर्धी, धडा अर्धा. ऋतिकाने मागे बघायचं टाळलं आणि डस्टर उचलून सातवीच्या वर्गाकडे चालू लागली. जिन्यात तिला वाटलं, संपलं. कालचंच पत्र जाऊ दिलं असतं तर निदान दया तरी आली असती कुणाला.

शुक्रवारी दिवसभर बाईंनी हाक मारली नाही. पाचला सात मिनिटं कमी असताना नंदकुमार स्टाफरूमच्या दारात आले. "गेलं हो तुमचं. तीनदा खाडाखोड करून नवं लिहिलं बाईंनी, मला चहालासुद्धा सोडलं नाही." त्यांनी एक पाकीट पुढे केलं. "ही प्रत बाईंनी तुम्हाला द्यायला सांगितलीय. म्हणाल्या, गोपनीय असेल ते त्यांच्याकडे. पाठवून झालंय, आता बदलता येणार नाही. पण माझ्या शिक्षकाबद्दल मी तिच्या पाठीमागे काही लिहीत नाही, असं सांग म्हणाल्या."

घरी पोचेपर्यंत तिने पाकीट उघडलं नाही. भात लावला, भाऊंना कूस बदलून दिली. प्रांजल इंग्लिश शाळेचा युनिफॉर्म न काढताच लादीवर पसरून रंगवत बसली होती, टाय अजून गळ्यात. भाऊ पूर्वी गिरणीत होते. आता खाटेवरून त्यांचे डोळे तेवढे घरभर फिरायचे. पाकीट त्यांनी बरोबर हेरलं.

"कसला ता? वाच गो. मोठ्यान वाच."

तिने वाचायला घेतलं.

'पाठ निरीक्षण नोंदवहीत श्रीमती परब यांच्याविषयी जे शेरे आहेत ते विचारात घेऊ नयेत. चार वर्षे मी त्यांचा वर्ग पाहिला नव्हता. ही चूक माझी आहे. काल पाहिला.'

ऋतिका थांबली. मग पुढे.

'त्यांचा पाठ वेळेत संपत नाही. फळ्यावरची आकृती अर्धी राहिली. वर्गात गोंगाट होता. एका मुलीच्या खोक्यात प्रतिमा दिसत नव्हती. कारण काय ते श्रीमती परब यांना ठाऊक होते, पण त्यांनी सांगितले नाही आणि त्या पुढच्या तासाला निघून गेल्या. मला ते आवडले नाही. गुडघे आखडल्यामुळे मी बसून राहिले, म्हणून पुढचे पाहता आले. त्या मुलीने दोन्ही खोकी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग कपाळावरची टिकली काढून आपल्या खोक्याच्या मोठ्या भोकावर चिकटवली, माझ्या साडीची पिन मागून घेतली आणि टिकलीला बारीक भोक पाडले. प्रतिमा दिसली. तिने ती आधी मला दाखवली. बत्तीस वर्षांच्या सेवेत मी मुलांना पुष्कळ उत्तरे सांगितली. असे कुणी मला दाखवल्याचे आठवत नाही.'

"बरा लिवल्यान हा," भाऊ पुटपुटले. "फुडे?"

पुढचं वाचायच्या आधी तिने कागद दिव्याखाली धरला. नऊ वर्षं. आणि जे घडलं ते नेमकं ती जिन्यात असताना.

'माझ्या घरी लहान मूल असते, तर दुसऱ्या कुठल्याही शाळेचा विचार न करता मी त्याला श्रीमती परब यांच्याच वर्गात बसवले असते. याहून मोठी शिफारस मला करता येत नाही.'

कुकरखालचा गॅस तिने बारीक केला. कागद घडी घालून पाकिटात ठेवला, पुन्हा काढला. भाऊंनी डोळे मिटले होते.

प्रांजलने रंगाचा खडू खाली ठेवला. ती सगळं ऐकत होती.

"आई," ती म्हणाली, "मग तू मला का नाही बसवलंस?"