शिवणीची फळी

गोकुळा देवळापाशी पोचली तेव्हा पत्रू चुलाणात लाकडं सारत होता आणि वर हंड्यात पाणी खदखदत होतं. हंड्याशेजारी, दगडावर, गावकीची चिरायची फळी पडली होती. शिवणीच्या लाकडाची, हातभर रुंद, चांगली जाड. गावात लग्न असो की बारसं, कांदा-लसूण, भाजी, मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात मासळी, सगळं त्याच फळीवर चिरलं जायचं. मारुतीच्या देवळामागच्या कोठीत ती गावच्या हंड्यांबरोबर, घंगाळांबरोबर ठेवलेली असे, आणि कोठीची किल्ली पत्रूकडे.

"पत्रूभाऊ, हे पानी कायले?"

"फळीवर ओतायले. पाटलीनबाईंनं सांगतलं."

"उकळतं? अन् मंग?"

"मंग तिकडं फरशीवर उन्हात टाकाची. कडक वाळली पाह्यजे म्हने."

वैशाखाचं ऊन. त्या फरशीवर कुत्रंसुद्धा पाय ठेवत नव्हतं. गोकुळेच्या डोक्यात सणक गेली. तिनं सरळ हंड्याखालची लाकडं ओढून बाजूला फेकली.

"अगा, फाटून जाईन ते! उकळत्या पान्यानं लाकूड फुगते, अन् वरून हे ऊन. संध्याकाळपर्यंत मधातून दोन फाकी होतीन. कोनाची अक्कल हे?"

"माझी," मागून आवाज आला.

पाटलाची बायको रुखमाबाई देवळाच्या पायरीवर उभी होती, नाकाला पदर लावून. तिच्या मागं गुणवंतराव पाटील. पाटीलकीला आता कुणी विचारत नव्हतं, पण नव्या ग्रामपंचायतीचे सरपंचही तेच झाले होते, म्हणजे माणूस तोच आणि तोराही तोच.

गोकुळा आली होती कमळाच्या लग्नासाठी भांडी मागायला. लेकीची हळद तोंडावर आली होती, वऱ्हाड ब्रह्मपुरीकडून येणार होतं, आणि तिच्या घरात दोन गंज आणि एक कढई. तिनं हात जोडून तेवढं सांगितलं.

"भांडे नाई भेटनार," पाटील म्हणाले. "तुमच्या पोराच्या लग्नात तुम्ही या फळीवर मासळी कापली. घान वास मारून राह्यली. आता गावकीचं सामान ढिवरांच्या मोहल्ल्यात जानार नाई. पंचाइतीचं ठरलं."

"पोराचं लग्न माघात झालं, जी. तीन महिने झाले. फळी धुऊन, वाळवून, तेल लावून देल्ली. पत्रूभाऊनं हातात घेतली तवा वास नोता. होता का, पत्रूभाऊ?"

पत्रूनं चुलीकडे पाहिलं. चुलीत आता काही नव्हतं, तरी पाहिलं.

"हळदीचे डाग पाहा," रुखमाबाई म्हणाली. "अन् वास तर इथवर येऊन राह्यला. मासळीचाच."

गोकुळेच्या अंगाचा तिळपापड झाला. याच पाटलाच्या घरच्या लग्नात ढिवरांच्या बाया घागरी वाहून वाहून कमरेतून वाकल्या होत्या. तेव्हा त्यांच्या हातचं पाणी सगळ्या वऱ्हाडाला गोड लागलं. मतं मागायला हाच माणूस तिच्या दारात येऊन बाजेवर बसला होता, आणि मासळीचं कालवण बोटं चाटून खाल्लं होतं. बोटांना वास लागला नाही, फळीला तेवढा लागला!

"आमच्या हातचं पानी चालते, मासळी चालते, मतं चालतेत. फळी चालत नाई?" ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या लग्नात पाव्हन्याले मी कायच्यात वाढू? वंजळीत?"

लोक जमायला लागले होते.

"मी वास काढून दावतो," गोकुळा म्हणाली. "इथीच, सगळ्यायच्या म्होरं. मले लिंबू द्या अन् खडेमीठ."

मीठ पत्रूनं आणलं, लिंबं देवळामागच्या झाडाची. गोकुळेनं फळीवर मीठ पसरलं, अर्धं लिंबू उपडं धरलं आणि लाकडाच्या रेषेरेषेनं घासत गेली. आडवं एकदाही नाही. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग विहिरीचं गार पाणी, आधी एका अंगाला आणि लगेच दुसऱ्या अंगाला.

"एकच बाजू भिजवली त फळी वाकते," ती कुणाला न सांगता बोलली, आणि कोरड्या फडक्यानं दोन्ही अंगं पुसली. "घ्या. हुंगा."

रुखमाबाईनं लांबूनच नाक मुरडलं. "येतेच आहे वास! मी म्हनलं नोतं?"

"येते," गोकुळा म्हणाली. "पन जवळून हुंगा, बाई. मासळीचा वास लिंबाच्या आंबटापुढं टिकत नाई. माझी जिंदगी मासळीत गेली, तेवढं मले समजते. हा टिकला. हा कायचा हाये ते तुमीच सांगा."

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, म्हणून रुखमाबाईला वाकावं लागलं. तिनं वास घेतला, आणि तिचा चेहराच उतरला. कच्चा लसूण, कुजट झालेला. सोबत शिळा कांदा. कोणत्याही बाईला डोळे मिटून ओळखू यावा असा.

"आमच्यानंतर फळी कोनाच्या घरी गेल्ती?" गोकुळेनं विचारलं.

आता पत्रूला चुलीकडे बघता येईना. "पाटलाच्या घरी. नातवाच्या बारशाले. लसनाचा ठेचा त्याच्यावरच ठेचला... अन् वापस आली तवा वली होती. मी तशीच कोठीत ठेवली."

बंद कोठीत, भिंतीला टेकून, ओली फळी. वास मुरणार नाही तर काय होणार? आणि तो मुरला पाटलाच्या घरचा, नाव मात्र ढिवरांचं. एवढा वेळ सगळं ठाऊक असून पत्रू गप्प होता, याचा गोकुळेला पाटलापेक्षाही जास्त राग आला.

पाटलांनी घसा साफ केला. "ठीक हाये. झालं गेलं सोडा. भांडे घेऊन जाय. फळी राहू दे, तुमच्यासाठी एक वेगळी करून देऊ."

"वेगळी?" गोकुळा उभी राहिली. "हे शिवनीचं झाड तलावाच्या पाळीवर पडलं होतं. माझ्या घरधन्यानं, मनसारामनं, अन् त्याच्या भावायनं खांद्यावर वाहून आनली, गावच्या सुतारानं फळी केली. तवा गावकीची झाली. वेगळी कायले पाह्यजे? लसून तुमचा अन् वेगळं आमी बसाचं?"

तिनं खायचा सोडा मागवला, पाण्यात कालवून फळीवर लेपला, आणि तो काम करीपर्यंत तिथंच बसून राहिली. मग ओल्या फडक्यानं पुसून, गार पाण्यानं धुऊन, फळी एका कडेवर उभी केली. देवळाच्या सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी. उरलेला पिवळेपणा सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा थोडा उडेल, आणि पुरती वाळली की जवसाचं तेल चोळायचं, हे तिनं पत्रूला दोनदा बजावलं.

मग ती रुखमाबाईपुढं आली.

"माझ्या घरून फळी आली का तुमी हुंगा, बाई. खुशाल हुंगा. पन तुमच्या घरून आली का मी हुंगनार. इथीच, लोकायच्या म्होरं. हे कबूल असन तरच मी भांडे उचलतो."

"कबूल," रुखमाबाई म्हणाली. पाटील तोंड उघडणार होते, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

कमळाचं लग्न त्याच भांड्यांनी पार पडलं. फळीवर तलावातली मरळ कापली गेली, फळी परत गेली, रुखमाबाईनं हुंगली आणि मान हलवली.

दिवाळीनंतर पाटलाच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. फळी परत आली त्या दिवशी गोकुळा बोलावल्याशिवाय देवळात आली. पायऱ्यांवर अख्खा गाव बसला होता. पाटील दारात उभे होते, नवा फेटा बांधून. गोकुळेनं पदर खोचला, फळी नाकापाशी धरली आणि सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. मग उलटी करून दुसरी बाजूही हुंगली.

"चालते," ती म्हणाली, आणि फळी पाटलांच्या हातात दिली.