दुसरा रकाना

"ताई, फेमस झालात तुम्ही! खाली नाव बघा," म्हणत विवेकनं एक पत्रक काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं.

नल्लकुंट्यातल्या त्याच्या औषधांच्या दुकानात मी आईच्या गोळ्या घ्यायला गेले होते. पत्रक सर्दीवरच्या एका नव्या कॅप्सूलचं होतं. आत एकिनेशिया नावाच्या वनस्पतीचा अर्क, प्रोबायोटिक म्हणजे शरीराला उपयोगी मानले जाणारे जिवाणू, आणि लसूण. तळाशी छापलं होतं: 'संशोधनाचा आढावा: डॉ. नीलिमा सेलूकर. मार्गदर्शन: प्रा. इंदुमती.'

आढावा मीच लिहिला होता. इंदुमतीबाई माझ्या फार्मसी कॉलेजच्या बाई, आता या कंपनीच्या सल्लागार. त्यांनी मागितला म्हणून महिनाभर बसून केला, आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे दोन रकान्यांत केला. डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'काय दिसलं नाही'. बाई पेपर तपासताना उजवा रकाना आधी वाचायच्या. तो रिकामा असला की शून्य.

पत्रकावर फक्त डावा रकाना होता. शब्दही बदललेला नव्हता.

'एकिनेशिया: अनेक चाचण्या एकत्र केल्यावर सर्दीचं प्रमाण थोडं कमी.' पुढचं गेलं होतं: एकट्या चाचणीत हा फरक ठामपणे दिसला नाही, प्रत्येक कंपनीचा अर्क वेगळा, आणि झालेली सर्दी लवकर बरी होते याला भक्कम पुरावा नाही. 'प्रोबायोटिक: सर्दी होणाऱ्यांची संख्या कमी, आजार साधारण एक दिवसानं लहान.' हे पुरावे कच्चे आहेत आणि कोणता जिवाणू उपयोगी ते ठरलेलं नाही, हे गेलं. 'लसूण: बारा आठवड्यांत चोवीस सर्द्या, लसूण न घेणाऱ्या गटात पासष्ट.' तशी चाचणी एकच, माणसं एकशे सेहेचाळीस, सर्दीची नोंद त्यांनीच वहीत केलेली, आणि सर्दी झाल्यावर बरं व्हायला दोन्ही गटांना जवळपास सारखेच दिवस, हेही गेलं. गाळलेल्या उजव्या रकान्यात सगळ्यात खाली होतं: रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

"नामदेवरावकाका कालच दोन डब्या घेऊन गेले," विवेक म्हणाला. "म्हणाले, हौ, नीलिमाचं नाव आहे ना, मग आणखी काय पाहिजे."

नामदेवराव आमच्या गल्लीतले, रेल्वेतून निवृत्त. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बदलली. रक्त पातळ करायची गोळी ते रोज घेतात.

मी दुकानातूनच त्यांना फोन केला.

"काका, ती डबी उघडू नका."

"अगं, दोन खाल्ल्या की. तुझंच नाव आहे त्यावर!"

"आणखी नको. आज डॉक्टरांना दाखवा, रक्ताची चाचणी कधी करायची तेही विचारा. आणि कुठे रक्त येत असेल तर लगेच दवाखान्यात जा."

"स्वयंपाकातला लसूण चालतो, आणि हा नाही?"

"ताटातल्या लसणाची सवय तुमच्या गोळीच्या हिशेबात धरलेली असते. ही नवी भर आहे, काका."

तिथून मी बरकतपुऱ्याला बाईंच्या घरी गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी पत्रक समोर ठेवलं.

"बैस. छान आलंय की नाही?"

"उजवा रकाना कुणी काढला, बाई?"

मला वाटलं होतं, छपाईवाल्याचं नाव घेतील. कंपनीच्या एखाद्या पोराचं. ते ऐकायची माझी तयारी होती.

"मी," बाई म्हणाल्या. "जागा नव्हती. आणि दुकानदार दोन रकाने वाचतो का? यात एक वाक्य तरी खोटं आहे?"

"नाही."

"मग?"

"आमच्या गल्लीतले एक काका रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यांनी या दोन खाल्ल्या; रक्तस्राव होऊ शकतो, बाई. इशारा त्याच रकान्यात होता."

बाईंनी मेथीची पुढची जुडी सोडली. "इशारा डबीवर घालायला सांगते."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझ्या-माझ्यासारख्यांना. नीलिमा, एवढी भोळी राहू नकोस. आत्ता थोड्याच दुकानांत दिलंय, सोमवारी चारशे दुकानांत जाणार आहे. तुझं नाव झालं, यात वाईट काय?"

वीस वर्षं त्यांच्यापुढे पोरगीच होते मी. माझ्या घराची चावीही त्यांच्याकडे होती. रकाना काढताना त्यांनी मला विचारलंही नाही, कारण मी नाही म्हणेन हे त्यांना माहीत होतं.

मी तिथेच कंपनीला मेल लिहिला: माझी संमती नव्हती, माझं नाव काढा, पत्रक मागे घ्या, पूर्ण आढावा सोबत जोडला आहे. चारशे दुकानांना हाच पूर्ण आढावा मी स्वतःही पाठवेन, हेही लिहिलं.

"माझ्या घरात बसून?" बाई म्हणाल्या. "माझंही नाव आहे त्यावर. कंपनीत मी काय तोंड दाखवू?"

"तुमचं नाव मी काढायला सांगितलेलं नाही. ते तुम्ही ठरवा."

मेल गेला. बाईंनी पत्रक उचललं, पालथं केलं आणि त्यावर मेथीच्या काड्या टाकायला लागल्या.

"जाताना दार ओढून घे," त्या म्हणाल्या.