मिगेल बुमेलेनच्या थोरल्या मुलाचं नाव

माझ्या हातून फारशी कामं झाली नाहीत. शाळेत मुलांना फ्रेंच शिकवलं, आणि निवृत्तीनंतर परदेशातून आलेल्या पाहुण्यांना त्यांची घरं शोधून देऊ लागलो. आमच्या डोंगरातून तरुण माणसं आर्जेंटिना, ब्राझीलला गेली, त्यांची नातवंडं आता उन्हाळ्यात येतात. हातात एक आडनाव असतं आणि ते आडनाव इथे कुणाचंच नसतं. मग गावकरी त्यांना माझ्याकडे पाठवतात. खरं तर मला यातलं कितपत कळतं, याची मलाच शंका आहे.

एल्सा बुमेलेन आली ती १९७१च्या जूनमध्ये. आर्जेंटिनातल्या तुकुमानला परिचारिका होती. फ्रेंच बरं बोलायची, अरबी मात्र स्वयंपाकघरापुरतं.

"बंदरावरच्या कारकुनानं आमचं नाव बिघडवलं," ती म्हणाली. "आजोबा इथून गेले ते मिखाइल, तिथे झाले मिगेल बुमेलेन. बाबा आजारी आहेत. आपण कुठल्या घरचे, एवढं त्यांना कळायला हवं आहे."

"बंदरावरच्या कारकुनाला कशाला शिव्या द्यायच्या?" मी म्हटलं. "त्यानं बहुधा फक्त उतरवून घेतलं. प्रवाशांची यादी आधी मार्सेयला, बोटीच्या कचेरीत झाली. फ्रेंच कारकून विचारणार, आणि आमची भेदरलेली माणसं एकमेकांच्या वतीनं ओरडून सांगणार. त्यानं फ्रेंच कानानं लिहिलं, तुमच्याकडच्यानं ते स्पॅनिश जिभेनं वाचलं. म्हणून उलट्या वाटेनं जायचं. आधी स्पॅनिश, मग फ्रेंच, मग आपलं."

तसं वाचत गेलो तर ते 'बू मल्हेम', म्हणजे अबू मल्हेम, निघत होतं. मला आनंद झाला, आणि तिथेच माझी चूक झाली. अबूने सुरू होणारी आडनावं आमच्याकडे खरोखरच आहेत. मी दोन आठवडे तिला घेऊन खालच्या खोऱ्यात अबू मल्हेम नावाच्या घराण्याकडे फिरलो. त्यांनी कॉफी पाजली, जर्दाळू दिले, पण मिखाइल नावाचा कुणी परदेशी गेलेला त्यांच्यात नव्हता.

परत आल्यावर मी तिला विचारलं, "यादीत आजोबांच्या खालच्या ओळीत कोण होतं?"

तिनं ब्वेनोस आयरेसच्या कचेरीत ती पाहिली होती. "बार्बार शिदियाक."

मी कपाळावर हात मारला. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. एका गावची माणसं रांगेत एकामागे एक उभी राहतात. बार्बार शिदियाक आमच्याच गावचा. त्याचं घर वरच्या आळीत आजही आहे.

म्हणजे ते आडनाव नव्हतंच. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अबू अमुक, म्हणजे अमुकचा बाप. त्या काळी कागदावर नाव आणि बापाचं नाव असायचं, आडनावाची कुणाला सवय नव्हती. कारकुनानं विचारलं असणार आणि बार्बारनं मित्राला रोज जी हाक मारायचा तीच सांगितली असणार.

आता आमच्या गावात मल्हेम एकच होता. मल्हेम नोहरा, माझा शेजारी, किराणा दुकानवाला. आणि त्याचा बाप मिखाइल नोहरा १९१२ साली, मल्हेम दोन वर्षांचा असताना, परदेशी गेला होता.

पण मला बोलायचा धीर होईना. एक तर मला मुलगा नाही, लग्नही नाही, तरी माझ्या वडिलांच्या नावावरून सगळे मला अबू इल्यास म्हणतात. थोरल्याला आजोबाचं नाव द्यायचं ही रीत, त्यामुळे मुलगा होण्याआधीच हाक तयार असते. नुसत्या हाकेवरून काही सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे मल्हेम. पहिल्या महायुद्धातल्या दुष्काळात त्याची आई गेली, मावशीनं त्याला वाढवलं. नंतर आर्जेंटिनाहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, घरातलं कुणी उरलं नाही अशी बातमी मिखाइलला मिळाली आणि त्यानं दुसरं लग्न केलं. तेव्हापासून चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात तेव्हा मल्हेम बाहेर जाऊन सिगारेट ओढतो.

तरी मी एल्साला घेऊन त्याच्या दुकानात गेलो.

"काय अबू इल्यास, म्हातारपणी नवरी आणलीस?"

"मल्हेम, गप रे. ही मिखाइलची नात आहे."

"कुठल्या मिखाइलची?"

"तुझ्या वडिलांची."

तो तराजू पुसत होता, पुसतच राहिला. "माझ्या बापानं मला मेलेला धरलं, मास्तर. मेलेल्याची पुतणी कशी येईल? पोरीला पाणी दे आणि घेऊन जा."

एल्सानं मला विचारलं, काय म्हणतात ते? मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "विचारा त्यांना, आजोबांच्या वडिलांचं नाव काय होतं?"

"मल्हेम," मी म्हटलं. "हे तुमच्या पणजोबाच्याच नावाचे."

"मग माझ्या बाबांचं नाव हुलियो का?"

मी समजलो नाही. ती घाईघाईनं सांगू लागली. तुकुमानला गावची जी माणसं होती, ती आजोबांना टोमणे मारायची. पहिला मुलगा झाला आणि बापाचं नाव ठेवलं नाही, लाज नाही वाटत? मग दुसरा झाला, त्याचंही ठेवलं नाही. आजी चिडायची. आजोबा एवढंच म्हणायचे, ते नाव दिलेलं आहे. कुणाला, ते कधी सांगितलं नाही.

मी हे अरबीत सांगायला लागलो आणि मधेच मला त्याचा अर्थ लागला. आमच्याकडे मूल गेलं तर पुढच्या मुलाला त्याचंच नाव देतात. माझ्या दोन भावांचं नाव एकच होतं, पहिला पाळण्यात गेला. जिवंत मुलाचं नाव मात्र दुसऱ्याला कुणी देत नाही.

मला मल्हेमला हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं फडकं तराजूवरच टाकलं आणि तो साखरेच्या पोत्यावर बसला.

"दुसऱ्याचंही नाही ठेवलं?"

"नाही."

"तिसरा?"

एल्साला विचारून मी सांगितलं, "तिसरी मुलगी. एल्साची आत्या."

"गाढव," तो म्हणाला. कुणाला, ते मला कळलं नाही. "गाढव. मग लिहायचं होतं. एक ओळ."

लिहिलं असेल, युद्धात बोटी बंद होत्या, कदाचित परत गेलं असेल, असं मी काही बोलणार होतो. पण मला खात्री नव्हती, म्हणून बोललो नाही.

एल्सा त्याच्या शेजारी, जमिनीवरच बसली. त्यानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू पाहिलंस त्याला?"

"मी जन्मायच्या आधीच ते गेले. बाबांनी पाहिलं."

"कधी गेला? फादरना तारीख सांगावी लागेल. रविवारी नाव वाचायचं तर."

"अडतीस साली. ऑगस्टमध्ये. बाबा म्हणतात, त्या वर्षी फार थंडी होती."

"ऑगस्टमध्ये थंडी?"

मी सांगितलं, तिकडे ऑगस्टमध्ये हिवाळा असतो.

मल्हेमनं दाराबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर ऊन तापलं होतं.

"ऑगस्टमध्ये आम्ही अंजीर वाळत घालतो," तो म्हणाला. "त्या वर्षीही घातले असतील. उघड्या अंगानं." मग माझ्याकडे वळून, जरा हळू, "तिला विचार मास्तर, पांघरायला पुरेसं होतं का त्याच्याकडे?"

मी विचारलं. एल्साला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, बाबांना लिहून विचारते.

"आजच लिही म्हणावं," मल्हेम म्हणाला, आणि तिला बसायला स्टूल आणायला आत गेला.