भात आदल्या दिवशी होत नाही

भुतं रात्री येतात असं म्हणतात. माझ्या भावाच्या घरातलं भर दुपारी यायचं, तेही जेवणाच्या वेळेला. वहिनी गेली तरी तिची शिस्त गेली नव्हती, असं मी पहिल्यांदा थट्टेने म्हणाले होते. नंतर थट्टा सुचेनाशी झाली.

पुतणीच्या लग्नासाठी म्हणून मी महिनाभर आधीच येऊन राहिले होते. नवऱ्या मुलीला घरात सगळे टिकली म्हणतात, कारण जन्मली तेव्हा तेवढीच होती. बाप सुतार. पुढच्या पडवीत त्याचा बाकडा, रंधे, लाकडाचा भुसा. मागच्या बाजूला वहिनीचं स्वयंपाकघर, आणि त्याला कुलूप. वहिनी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायची, म्हणून खोली चांगली ऐसपैस बांधलेली: नळ, मोरी, दोन मोठ्या शेगड्या. ती गेली त्याच दिवशी भावाने कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. तेव्हापासून बापलेक पडवीच्या कोपऱ्यात एका विजेच्या शेगडीवर काहीतरी उकडून खात होते. त्याला स्वयंपाक म्हणायला जीभ धजत नाही.

आल्यानंतर पहिल्याच दुपारी मी पडवीत काजू निवडत बसले होते. कुलपाच्या आतून आवाज आला. पळी पातेल्याच्या काठावर आपटावी तसा. टण्, टण्. दोनदाच.

वहिनीची ही सवय सगळ्या गावाला ठाऊक. भात झाला की पळी काठावर दोनदा आपटायची. ओरडून बोलवणं तिला आवडत नसे.

मी भावाकडे पाहिलं. तो रंधा बाजूला ठेवून दाराकडे तोंड करून उभा होता. मान एका बाजूला कललेली.

"उंदीर असतील," मी म्हणाले.

"हो ताई," तो म्हणाला, "उंदीरच." आणि तरीही तिथेच उभा राहिला.

उंदीर नेमके जेवणाच्या वेळेला आणि मोजून दोनदाच वाजवत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण चार पावसाळे जास्त पाहिलेल्या बाईने घाबरून कसं चालेल? मी दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला बाजारात जायला लागले.

लग्न अंगणातच होतं. केटररबाई टिकलीने शोधून आणल्या होत्या. हाताला चव आहे अशी त्यांची ख्याती. भावाने त्यांना निरोप धाडला होता की सगळं आदल्या दिवशी तुमच्याकडेच शिजवून आणा, लग्नाच्या दिवशी नुसतं गरम करून वाढा, आमच्याकडे स्वयंपाकाची सोय नाही. त्यावर त्यांचा मेसेज आला. भावाने तो वाचला, फोन माझ्या मांडीवर टाकला आणि उठून गेला. मी चष्मा लावून वाचला.

"नमस्कार दादा. जेवढं आधी होतं तेवढं नक्की करून आणते. वाटणं, तळलेला कांदा, लोणचं, कोरडी मिठाई यांची काळजी नको. रश्श्याचा मसाला आदल्या दिवशी शिजवून उथळ ताटांत लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवेन, तुमच्याकडे त्याला खळखळून उकळी आणेन. कोंबडी मुरवून ठेवेन, शिजवेन मात्र त्याच दिवशी. आता जे होत नाही ते. तळलेले पदार्थ दुसऱ्या दिवशी वातड होतात. काकडी-टोमॅटो आधी चिरून मीठ लावलं की पाणी सुटतं. कापलेली फळं आणि सायीचं गोड ऐन वेळीच. आणि भात तर मुळीच नाही. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध कितीतरी वेळ कोमट राहतो. त्या कोमट भातात जे विष तयार होतं, ते दुसऱ्या दिवशी कितीही गरम केलं तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, आणि माणसं आजारी पडतात. माझं काम तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर चालतं. गरम ठेवून आणला तरी भाताचा गोळा होईल. म्हणून छप्पर, नळ आणि मोरी असलेली एक खोली लागेल. टिकली म्हणाली, मागे मोठं स्वयंपाकघर आहे. ते मिळेल का? मिळणार नसेल तर आत्ताच सांगा, राग मानणार नाही. पण पाहुण्यांच्या पोटाशी मी खेळणार नाही."

बाई तोंडाच्या फटकळ नव्हत्या, पण खमक्या होत्या. मला आवडल्या.

"भाताऐवजी पाव ठेवू," भाऊ पडवीतून म्हणाला.

"लग्नात भात नाही? पाहुणे काय म्हणतील? सुताराने भुसा खायला घातला म्हणतील!"

तो हसला नाही. टिकली दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, ते आईचं स्वयंपाकघर आहे. माझ्या लग्नाचा भात तिथे नाही शिजणार, तर कुठे शिजणार?"

भावाने लाकडावर हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाला, "त्यांना बघायला बोलाव."

केटररबाई दोन दिवसांनी सकाळी आल्या. उंच, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला, बरोबर कुणी नाही. भावाने गळ्यातली किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं. त्याने तेल सोडलं, थांबला, पुन्हा किल्ली फिरवली.

आत आधी काहीच दिसलं नाही. मग बाईंनी खिडकी ढकलली. शेगडीवर एक पातेलं होतं, झाकण घातलेलं, झाकणावर दगडी वरवंटा. बाजूला पाट. पाटापुढे एक ताट, एक वाटी, पाण्याचा तांब्या. सगळ्यावर धुळीची साय. पळी जमिनीवर पडलेली होती, मोरीजवळ.

मला वाटत होतं की त्याने खोलीला कुलूप घातलंय. त्याने जेवणाला कुलूप घातलं होतं.

बाई शेगडीकडे गेल्या. भाऊ एकदम ओरडला, "हात लावू नका!"

त्यांनी हात मागे घेतला. "काय आहे यात?"

"भात."

मग तो बोलायला लागला, आमच्याकडे न बघता, पळीकडे बघत. "तिने पळी वाजवली. मी म्हणालो, आलोच, एवढी फळी संपवतो. तिने परत वाजवली. मी म्हणालो, अगं आलोच. मग पळी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, चिडून टाकली. म्हणून मुद्दाम आणखी थोडं रंधत बसलो. आलो तेव्हा ती तिथे होती. पळीजवळ. तो वरवंटा तिनेच ठेवला होता झाकणावर, भात निवू नये म्हणून."

मी त्याची थोरली बहीण. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा नाही, माझाच, रोज त्या वेळेला बाजारात पळत होते म्हणून.

केटररबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "दादा, हे पातेलं इथे असताना मला या खोलीत काही शिजवता येणार नाही. पण मी ते उचलणार नाही. ते तुमचं ताट आहे."

"ती अजून बोलावते," भाऊ म्हणाला. लहान मुलासारखा आवाज झाला होता त्याचा. "रोज. ताईने पण ऐकलंय. हा भात टाकला तर ती कशाला बोलावेल?"

मी मान डोलावली. ऐकलं होतं, नाकारून काय करू?

बाई मोरीपर्यंत गेल्या, वाकल्या, पळीकडे पाहिलं, उचलली मात्र नाही. "माझा जन्म लोकांना जेवायला बोलावण्यात गेला, दादा," त्या म्हणाल्या. "एक सांगते. शिळ्या भाताला कुणी पळी वाजवत नाही. वाजवतात ते ताजा झाला म्हणून. त्या तुम्हाला या भाताला बोलवत नसतील."

"मग कशाला?"

"जेवायला," बाई म्हणाल्या. "दुसरं कशाला?"

भावाने झाकण काढलं तेव्हा मी डोळे मिटले होते. वास आला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. उघडून पाहिलं तर तळाला काळसर, भेगाळलेली वडी आकसून बसली होती, तळहाताएवढी. तो पातेलं दोन्ही हातांनी धरून मागच्या झाडाखाली गेला. खड्डा त्यानेच खणला. टिकली मदतीला निघाली, मी तिला धरून ठेवलं. मग त्याने राखेने पातेलं घासलं, ताट घासलं, पळी घासली, आणि घासताना अखेर रडला. त्या दुपारी आतून आवाज आला नाही. त्यानंतरही नाही. तो रोज त्या वेळेला थांबायचा, मान कलती करायचा आणि पुन्हा रंधायला लागायचा. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आधी मला आवाजाची भीती वाटायची, आता शांततेची वाटायला लागली.

लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. बाईंनी भात सगळ्यात शेवटी घातला, मंत्र संपत आले तेव्हा. अंगणात भाऊ व्याह्यांच्या शेजारी खुर्चीत बसला होता, नवे कपडे, हातात सरबत. व्याही त्याला काहीतरी सांगत होते.

आतून आवाज आला. टण्, टण्.

तो असा उठला की खुर्ची मागे कोसळली आणि सरबत व्याह्यांच्या धोतरावर सांडलं. माणसांतून वाट काढत तो धावला. "नवरीच्या बापाला भूक लागली!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मी हसले नाही. मी त्याच्या मागे गेले, गुडघे दुखत असूनही.

केटररबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. पळीला चिकटलेली शितं झाडायला त्यांनी ती काठावर आपटली होती, कुठलाही स्वयंपाकी आपटतो तशी. पळी वहिनीचीच होती. दारात धापा टाकणाऱ्या भावाकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते घासलेलं ताट घेतलं, त्यात वाफाळता भात वाढला, वर रस्सा ओतला.

"आलो," भाऊ म्हणाला. बाईंना नव्हे.

पाटावर बसून तो सगळं ताट जेवला. जिभेला चटके बसत होते तरी थांबला नाही. मी दाराला टेकून उभी राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून.

टिकली सासरी गेली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी घर असं रिकामं होतं की भिंतींना कान लावले असते तरी काही ऐकू आलं नसतं. मी अंथरुणावर पडून राहिले होते. दमले होते आणि उठायला कारणही नव्हतं. दुपारी माझा डोळा लागला.

टण्, टण्.

मी उठून बसले. मनात म्हटलं, आली. परत आली. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मागच्या दाराशी गेले. कुलूप नव्हतं, दार सताड उघडं. शेगडीजवळ भाऊ उभा होता, खांद्यावर फडकं, केसांत भुसा. हातात पळी. पातेलं लहान होतं, भात थोडा करपला होता. जमिनीवर त्याने दोन पाट मांडले होते.

"किती वेळ वाजवायचं, ताई?" तो म्हणाला. "चल, बस. निवतोय."