सात नंबरची स्प्रिंग

विज्ञानाच्या बाईंना पोरं मागे 'शंकाबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. एवीतेवी शंका घेणं हे त्यांचं कामच होतं, नाही का?

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक उत्तरपत्रिका चाळत होते आणि बाई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. सात नंबरच्या टेबलावरच्या मुलीची पत्रिका आली, तशा बाईंच्या भुवया वर गेल्या. स्प्रिंगचा ताठरपणा, म्हणजे ती मीटरभर ताणायला किती न्यूटन बल लागेल तो आकडा, तिनं काढला होता एकतीस. बाईंच्या नोंदवहीत सात नंबरपुढे स्वच्छ लिहिलं होतं, पंचवीस. सकाळच्या दोन तुकड्यांत त्याच टेबलावर बसलेल्या दोघांनाही बरोब्बर पंचवीस आलं होतं.

"हिनं आकडे मनानंच ठोकलेत," बाई म्हणाल्या. "मघाशी ही दोनदा शेजारच्या टेबलाकडे बघत होती. माझं लक्ष होतं."

"खात्री आहे तुमची?" परीक्षकांनी खणातून गैरप्रकाराचा अहवाल काढला. "यावर तुमची सही झाली की हिचा निकाल राखून ठेवतील. वर्ष गेलंच समजा."

मुलगी अजून टेबलापाशीच उभी होती. तिनं ऐकलं. चेहरा पांढराफटक पडला, पण रडली नाही.

"बाई, मी वजनं चढवताना मोजलंय आणि एकेक काढतानाही मोजलंय," ती म्हणाली. "तुम्ही बघा ना मोजून."

आगाऊच आहे की! बाईंना राग आला. पण परीक्षकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी आधी तिचा आलेख तपासला. आडव्या अक्षावर भार, उभ्यावर लांबीतली वाढ. भार अर्ध्या अर्ध्या न्यूटननं वाढवलेला, आणि वाढ १.६, ३.३, ४.८, ६.३, ८.० सेंटिमीटर. ठिपके रेषेच्या किंचित वर, किंचित खाली. रेषेचा चढ न्यूटनमागे ३.२ सेंटिमीटर, म्हणजे ०.०३२ मीटर. एकाला त्यानं भागलं की सव्वाएकतीस. गणितात तर चूक सापडेना. म्हणजे आकडेच बनावट, दुसरं काय!

बाईंनी स्वतः स्प्रिंगला वजनं अडकवायला घेतली. पहिल्या अर्ध्या न्यूटनला काटा दोन सेंटिमीटर खाली यायला हवा होता. तो १.६ वर थांबला. बाईंनी स्टँड हलवून पाहिला, डोळा काट्याच्या पातळीला आणून पुन्हा वाचलं. १.६. एक न्यूटनला ३.२.

"स्प्रिंग बदललीय कुणीतरी," बाई कडाडल्या. "काका! इकडे या आधी."

प्रयोगशाळेचे काका हात पुसत आले. स्प्रिंग बघितली आणि मान खाली घातली.

"तीच आहे बाई. गेल्या वर्षी एका पोरानं खालचं टोक ओढून पार वाकडं केलं होतं. नवी कुठून आणायची? तेवढे वेढे कापले आणि पकडीनं टोकाला अडकवायचा नवीन आकडा वळवला. चाळीस होते, बत्तीस राहिले."

बाईंनी डोळे मिटले. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठर होते, हे त्या दरवर्षी फळ्यावर शिकवायच्या. चाळीसचे बत्तीस, म्हणजे पंचवीसचे सव्वाएकतीस. पोरीचं उत्तर तंतोतंत बरोबर होतं.

"मग सकाळच्या दोघांना पंचवीस कसं आलं?" परीक्षकांनी त्या दोन पत्रिका पुढे ओढल्या. दोन, चार, सहा, आठ, दहा. एकही ठिपका रेषेवरून तसूभर हललेला नव्हता. सकाळी बाईंनीच या आलेखांचं कौतुक केलं होतं.

"कुणीतरी माझ्या वहीतले आकडे उतरवून पोरांत फिरवलेत," बाई पुटपुटल्या.

"ते बघू मागाहून." परीक्षकांनी नोंदवही स्वतःकडे वळवली. "पण इथं या वर्षीच्या सुरुवातीची तारीख आहे. 'मोजून तपासली, पंचवीस.' खाली सही तुमची. स्प्रिंग तर त्याआधीच कापली होती."

बाईंना ते पान भरलेला दिवस आठवला. त्या दिवशी घाई होती. मागच्या वर्षीचं पान समोर उघडं होतं आणि त्यांनी आकडे या पानावर उतरवले होते, बस. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. काका सगळं आपल्या अंगावर घ्यायला तयारच होते, तोंडसुद्धा उघडलं होतं त्यांनी. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"मी मोजली नव्हती," त्या म्हणाल्या. "मागच्या पानावरून उतरवलं. हिचं उत्तर बरोबर आहे. पूर्ण गुण द्या हिला."

मुलीनं ओढणीनं डोळे पुसले आणि बाहेर गेली. अहवालाचा कागद टेबलावर कोराच पडला होता. परीक्षकांनी तो उचलला नाही. वहीवर बोट ठेवून ते शांतपणे म्हणाले,

"बाई, या पानावर बारा स्प्रिंगा आहेत. बाकीच्या अकरा मोजल्या होत्या?"

"नाही," शंकाबाई म्हणाल्या.