लाल पट्ट्यामागची रिकामी जागा

हवामान कार्यालयात ताईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकोणीस वर्षं तिने ढग वाचले होते. साहेबसुद्धा सुट्टीचा बेत तिला विचारून ठरवायचे. नव्याने आलेल्यांना पहिल्या दिवशी ती एकच वाक्य पाठ करून घ्यायची, आणि तेच तिच्या अक्षरात रडारच्या पडद्याच्या वर, भिंतीवर चिकटवलेलंही होतं: रडारला दिसत नाही म्हणजे पाऊस नाही, असं नाही.

दुपारी दोनला ती कामावर बसली. दोन वाजून दहा मिनिटांनी धाकट्या भावाचा फोन आला. नदीच्या कोरड्या पात्रात पुलाच्या खांबाचा पाया भरायचं काम त्याच्याकडे होतं.

"ताई, डोंगराकडे काळं झालंय. खड्ड्यात तेवीस माणसं आहेत. काँक्रीट अर्धं पडलंय, मधेच थांबवलं तर सगळं तोडून पुन्हा भरावं लागेल. मुकादम म्हणतोय, निघू या. दीड तास मिळेल का?"

त्या दिवशी सर्व्हर गोगलगायीला लाजवत होता. मागच्या तासाभराची चित्रं एकामागून एक फिरवून बघावी, तर ती उघडेनात. कार्यालयाच्या ग्रुपवर आलेला एकच स्क्रीनशॉट तिच्यासमोर होता. मधोमध रडार, त्याच्या पश्चिमेला पावसाचा गडद लाल पट्टा, आणि पट्ट्याच्या पलीकडे, जिथून भावाची नदी निघते त्या डोंगरावर, काहीच नाही. स्वच्छ.

"पट्टा डोंगर सोडून इकडे आलाय," ती म्हणाली. "मागे काही नाही. नदीला फार तर गुडघाभर पाणी येईल. कर तुझं काम."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने चहा घेतला. बिस्किटाच्या पुड्यावरून शेजारच्या टेबलावरच्या निरीक्षकाची थट्टाही केली. अडीचला सर्व्हरला एकदाची जाग आली आणि चित्रं एकापाठोपाठ पळू लागली. ती सहज बघत होती, आणि बघता बघता तिच्या हातातला कप तसाच राहिला.

लाल पट्टा उत्तरेकडे झुकला, तशी त्याच्यामागची रिकामी जागाही उत्तरेकडे वळली. पट्ट्याचा सर्वांत गडद भाग जिथे, बरोबर त्याच्या पाठीमागे ती. पाचरीसारखी, टोक रडारकडे, रुंद बाजू डोंगराकडे. उघडं आभाळ असं कुणाच्या मागे मागे फिरत नाही. तो दाट पाऊस रडारच्या लहरी खाऊन टाकत होता, म्हणून पलीकडचं काही दिसतच नव्हतं.

तिने उपग्रहाचं चित्र उघडलं. वीस मिनिटांपूर्वीचं होतं. त्याच रिकाम्या जागेवर पांढराशुभ्र, घट्ट गोळा. माथ्याचं तापमान उणे बहात्तर. इतका थंड माथा म्हणजे आभाळाला भिडलेला उंच ढग, आणि तो डोंगरावर ठाण मांडून बसला होता.

"अगं, नदीच्या वरच्या बंधाऱ्यावरून फोन आहे," निरीक्षक म्हणाला. "पर्जन्यमापक तासाभरातच भरून वाहायला लागलंय म्हणे."

भिंतीवरचं स्वतःचं अक्षर तिच्याकडे बघत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्या कुणी असा एका चित्रावर अंदाज दिला असता, तर तिने त्याला सोलून काढलं असतं.

"नियंत्रण कक्षाला कळव. नदीकाठ रिकामा करा म्हणावं, आत्ता!" ती ओरडली आणि भावाला फोन लावला. एकदा, दोनदा, सात वेळा. घंटा वाजत राहिली. काम चालू असताना तो फोन पत्र्याच्या खोलीत ठेवतो, हे तिलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. तशी शिस्तही तिनेच लावली होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला.

"ताई." तो धापा टाकत होता. मागे पाण्याचा आवाज इतका मोठा होता की तिने फोन कानाशी दाबून धरला. "भिंतच आली गं पाण्याची. मुकादमाने पाणी गढूळ होताना बघितलं, त्याने हाकललं सगळ्यांना."

"तू बरा आहेस ना? बोल ना रे!"

"मी आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला तो आकडा आठवला.

"तेवीस होते ना? सगळे वर आले?"



"बावीस," तो म्हणाला. "पंपवाला पंप काढायला परत उतरला. मुकादम नको म्हणत होता. मीच म्हटलं, जा, गुडघाभरच येईल. माझी ताई म्हणालीय."

समोर पुढचं चित्र उमटलं. लाल पट्टा विरला होता, आणि आता मघाच्या रिकाम्या जागेवर डोंगर लालेलाल दिसत होता.